आक्काची हाक

(प्रभागसंघाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत आपल्या सीआरपी ताईंनी सांगितलेली गोष्ट. बऱ्याच जणींनी ती लिहून मागितली, म्हणून ताई बोलल्या तशीच छापत आहोत.)



आज हप्त्याचं आणि बचतीचं बोलणं झाल्यावर अध्यक्षताई मला म्हणाल्या, "16 एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो म्हणे, त्यावर चार शब्द बोल." आता आवाजावर मी काय बोलणार? मी काही डॉक्टर नाही. पण एका बाईबरोबर मी दवाखान्याच्या चकरा मारल्यात, तिथं जे ऐकलं-पाहिलं ते सांगते. त्या बाईनं सांगायची परवानगी दिलीय, फक्त नाव घेऊ नको म्हणाली. म्हणून आपण तिला आक्का म्हणू.

आक्का हिंगोलीत हातगाडीवर भाजी विकते. पहाटे मंडईतून माल उचलायचा, सात वाजता गल्ल्यांमध्ये फिरायला लागायचं, ते अकरापर्यंत. मग घरी जाऊन भाकरी, आणि चार ते सात परत गाडी. म्हणजे दिवसाचे सात तास. गाडी तिनं गटातून वीस हजार रुपये कर्ज काढून घेतलेली. दर महिन्याला दोन हजार हप्ता. पहिले सहा हप्ते तिनं एकही दिवस न चुकवता भरले.

सातव्या महिन्यात आक्का मीटिंगला आली आणि कोपऱ्यात बसली. कुणी काही विचारलं की मान हलवायची. सचिवताई म्हणाल्या, "हप्ता आणलाय का?" तर नुसती मान नकारार्थी हलवली. पुढच्या महिन्यातही तेच. बाया कुजबुजायला लागल्या, "कर्ज घेताना बोलायला येत होतं, आता तोंड शिवलंय का?" मलाही खोटं कशाला सांगू, मनात तेच आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. आणि तिनं तोंड उघडलं तर काय, आवाजच नाही! फुटक्या मडक्यातून वारा जावा तसा नुसता खर्र खर्र. म्हणाली, "ताई, मला बोलायचं होतं गं. हप्त्याला मुदत मागायची होती. पण चार बायांत असा आवाज काढायची लाज वाटली."

कधीपासून, विचारलं तर म्हणाली, तीन महिने झाले. आधी नुसता संध्याकाळी घसा जड व्हायचा, सकाळी मोकळा असायचा. मग दुपारपासूनच बसायला लागला. मग उंच आवाजात हाक मारायला जावं तर मधेच तुटायचा. आणि आता सकाळपासूनच असा. ताईंनो, हा क्रम लक्षात ठेवा. सकाळी बरा आणि संध्याकाळी बसलेला, म्हणजे आवाज वापरून थकतोय. ही पहिली खूण. तिथंच थांबलं तर पुढचं टळतं.

औषध तिनं केलं होतं की. एका दुकानातून तीनदा गोळ्या आणल्या, साडेचारशे रुपये गेले. खोकल्याचं औषध झालं. थंडगार वाटणाऱ्या गोळ्या दिवसभर चघळून झाल्या. त्या गोळ्यांनी घसा बधिर झाल्यासारखा वाटायचा, दुखणं कळायचं नाही, आणि मग ती आणखी जोरात ओरडायची. हाक पोचत नाही म्हणून गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी म्हणून आणखी ओरडायचं. रोजचे दोन-अडीचशे सुटायचे ते शंभरावर आले होते.

मी म्हटलं, चल नांदेडला. अर्ध्या तिकिटात एस.टी.नं जाऊ, सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू. तिला भीती वेगळीच होती. तिच्या भावकीतला एक माणूस घशाच्या कॅन्सरनं गेलेला. म्हणाली, "माहीत नसलेलंच बरं." शेवटी मी सोबत येते म्हटल्यावर तयार झाली.

डॉक्टरीणबाईंनी आधी बरंच विचारलं. तंबाखू खाता का, मिसरी लावता का, खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालं का, गिळताना अडकतं का, थुंकीत रक्त दिसलं का. मग नाकात औषधाचा फवारा मारून एक बारीक लवचिक नळी आत घातली. तिच्या टोकाला कॅमेरा असतो. दोन-तीन मिनिटांचं काम. आक्काच्या डोळ्यातून पाणी आलं, पण दुखलं नाही म्हणाली. समोरच्या पडद्यावर तिचं स्वरयंत्र दिसत होतं. ते मीही पाहिलं.

गळ्यात पुढं जिथं कठीण लागतं ना, तिथं आत दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, दाराच्या दोन फळ्यांसारख्या. त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वास घेताना उघडतात, बोलताना जवळ येतात आणि फुफ्फुसातून येणाऱ्या वाऱ्यानं थरथरतात. बाईमाणूस साधं बोलते तेव्हा त्या एका सेकंदात साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. ओरडलं की त्याहून जास्त वेळा, आणि जास्त जोरात. आक्काच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर एकेक बारीक उंचवटा आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुरपं धरून हाताला घट्टा पडतो ना? हे तसेच घट्टे आहेत. हा कॅन्सर नाही. पण घट्ट्यामुळं फळ्या नीट मिटत नाहीत, मधून वारा निसटतो, म्हणून आवाज असा खरखरीत येतो."

आक्कानं विचारलं, "मग ऑपरेशन?" त्या म्हणाल्या, "आधी नाही. खुरपं धरायची पद्धत बदलली नाही तर काढलेला घट्टा परत येतो. तुझी हाक मारायची पद्धत बदलायची. बहुतेकींना त्यानंच फरक पडतो. नाहीच पडला तर पुढचं बघू." आणि त्यांनी आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं पाठवलं. त्यांना स्पीच थेरपिस्ट म्हणतात.

त्या बाईंनी आक्काला सांगितलं, "मारून दाखव तुझी हाक." आक्का उभी राहिली, हनुवटी वर केली, गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या आणि एका दमात, "मेथी घ्या पालक घ्या कोथिंबीर घ्या वांगी घ्या दोडकी घ्या ताजी ताजी भाजीऽऽ!" शेवटच्या "भाजी"ला दम संपलेला, आवाज नुसता घशातून पिळून काढलेला. बाई म्हणाल्या, "बघ, इथंच घट्टा पडतो. वारा संपला की माणूस गळ्याचा जोर लावतो."

मग त्यांनी आमच्याकडून एक हिशेब करून घेतला. मला तो फार आवडला, कारण आपण बचतीचा करतो तसाच आहे. आक्का दहा मिनिटांत साधारण पंधरा हाका मारायची. म्हणजे तासाला नव्वद, सात तासांत सहाशे तीस. एक हाक तीन सेकंदांची धरली तर अठराशे नव्वद सेकंद, म्हणजे अर्धा तास निव्वळ ओरडणं. ओरडताना सेकंदाला तीनशे आपट धरले तर दिवसाला साडेपाच लाखांच्या वर आपट झाले. आणि रविवारचीही सुट्टी नाही. आम्ही दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो.

आता ही रक्कम कमी कशी करायची? घरी बसून नाही, कारण हप्ता आहे. बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, हाक छोटी करायची आणि मोजकी. भाज्यांची यादी गिऱ्हाईक गाडीपाशी आल्यावर सांगायची. लांबून फक्त "भाजी आलीऽऽ." त्याआधी नाकानं श्वास घ्यायचा, पोट पुढं यायला पाहिजे, खांदे वर जायला नको. हनुवटी सरळ. आवाज घशातून न ढकलता ओठांपाशी, नाकापाशी गुणगुणल्यासारखा वाटला पाहिजे. तसा आवाज कमी जोरात लांब जातो. आणि जिथं जनरेटर चालू आहे, गाड्यांचा गोंगाट आहे तिथं हाक मारायचीच नाही. गोंगाटात आपला आवाज आपल्याला न कळत चढतो. गल्लीत आत शिरायचं, घरांकडं तोंड करायचं, मग हाक.

दुसरी, लक्ष वेधायचं काम गळ्याकडून काढून घ्यायचं. आक्कानं बाजारातून पितळी घंटी आणली आणि गाडीच्या दांड्याला बांधली. गल्लीत शिरताना तीनदा घंटी, मग एक हाक. शिवाय प्रत्येक गल्लीची वेळ ठरवली. बाया घंटी ओळखायला लागल्या. तिचा पुतण्या म्हणाला, "काकू, भोंग्यात आवाज भरून देतो, दिवसभर वाजेल." पण रस्त्यावर भोंगा लावायला लेखी परवानगी लागते आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या जवळ तर चालतच नाही. म्हणून तिनं घंटीच ठेवली.

आता परत हिशेब करा. दहा मिनिटांत पाच हाका, तासाला तीस, दिवसाला दोनशे दहा. एक हाक दोन सेकंदांची, म्हणजे सगळी मिळून सात मिनिटं. अर्ध्या तासाची सात मिनिटं झाली. आवाजही हळू, त्यामुळं सेकंदाला अडीचशे आपट धरले तर दिवसाला लाखभर. साडेपाच लाखांचे एक लाख. धंदा तोच, गाडी तीच.

तिसरी गोष्ट व्यायामाची. तो मी तुम्हाला करूनच दाखवते, हा ग्लास आणि ही नळी त्यासाठीच आणलीय. अर्धा ग्लास पाणी घ्यायचं. नळी पाण्यात दोन बोटं रुंदीएवढी बुडवायची, फार खोल नाही. ओठांनी नळी घट्ट धरायची, गाल फुगवायचे नाहीत आणि हळू आवाजात "ऊ" म्हणायचं. हे बघा, बुडबुडे येतात. बुडबुडे एकसारखे यायला पाहिजेत. थांबत थांबत आले तर समजायचं, दम सुटतोय. दोन-तीन मिनिटं करायचं. सकाळी गाडी काढायच्या आधी, दुपारी, आणि संध्याकाळी परत आल्यावर. पाण्याचा उलटा दाब त्या फळ्यांना किंचित दूर धरतो, त्यामुळं त्या न आपटता हलक्या थरथरतात. घसा दुखला किंवा खोकला आला तर थांबायचं.

(इथं सगळ्या हसल्या, कारण पहिल्या रांगेतल्या आजींनी नळीतून पाणीच ओढून घेतलं.)

आता पाण्याचं बोलू. बाईंनी आक्काला विचारलं, "सकाळपासून पाणी किती पिलीस?" आक्का गप्प. मग हळूच म्हणाली, "गाडीवर असताना पाणी पीतच नाही. लघवीला जायचं कुठं?" ताईंनो, हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण बाजारात बसणाऱ्या आपल्या कितीतरी जणी हेच करतात. मराठवाड्याचं एप्रिल-मेचं ऊन, अंगातून घामाच्या धारा आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. त्या फळ्यांना ओलावा लागतो. कोरड्या झाल्या की जास्त घासल्या जातात. आणि आपण पिलेलं पाणी अन्ननलिकेतून पोटात जातं, ते फळ्यांना थेट लागत नाही. आधी अंगात मुरतं, मग तिथला ओलावा वाढतो. म्हणून घसा सुकल्यावर गटागट तांब्या रिकामा करून उपयोग नाही. सकाळपासून थोडं थोडं प्यायचं. लघवी फिक्कट होत असेल तर पाणी पुरतंय असं समजायचं. ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरला विचारून.

पण लघवीचा प्रश्न व्यायामानं सुटत नाही. तो आपण गटानं सोडवला. आक्काच्या वाटेवर आपल्या गटातल्या दोघींची घरं आहेत. त्यांनी सांगितलं, "नऊ वाजता माझ्याकडं ये, साडेपाचला हिच्याकडं ये." एवढ्यावर ती पाणी प्यायला लागली. पण सगळ्याच विक्रेत्या बायांना अशी ओळखीची घरं कुठून मिळणार? 2014 च्या पथविक्रेता कायद्यात शहर फेरीवाला समिती सांगितलीय. तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्या प्रतिनिधींमध्ये तिसरा हिस्सा बायांचा असतो. बाजारात बायांसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह हवं, हा अर्ज त्या समितीपुढं आणि नगरपरिषदेपुढं ठेवायचा. तो ठराव आज आपल्या सभेत घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

घरातल्याही काही सवयी निघाल्या. आक्का सारखी घसा खाकरायची. प्रत्येक खाकरणं म्हणजे फळ्यांना एक फटका. त्याऐवजी घोट पाणी किंवा नुसता आवंढा गिळायचा. आवाज बसला की ती कुजबुजून बोलायची, तिला वाटायचं गळ्याला आराम. पण जोर लावून कुजबुजण्यानंही गळा आवळला जातो. हळू पण साध्या आवाजात बोलावं, नाहीतर गप्प बसावं. रात्री नऊ-दहाला ठेचा-भाकरी खाऊन ती लगेच आडवी व्हायची. त्यानं पोटातलं आंबट वर येतं आणि फळ्यांना चरचरवतं. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवायला सांगितले. तिला ते रोज जमत नाही, पण गाडीवरून आल्या आल्या जेवून घेते आणि भांडी नंतर घासते. आणि मिसरी. मिसरी म्हणजे जाळलेली तंबाखूच. ती सोडायला तिला सगळ्यात जड गेलं, अजूनही कधीतरी हात जातो, असं ती स्वतःच सांगते.

तुम्ही विचाराल, मग हळदीचं दूध, मध, जेष्ठमध? घ्या की. घशाला बरं वाटतं. पण ते त्या फळ्यांपर्यंत पोचत नाही आणि घट्टा विरघळवत नाही. वाफ मात्र श्वासाबरोबर आत जाते, म्हणून कोरडेपणा कमी होतो. पाच मिनिटं पुरे, साध्या पाण्याची, त्यात बाम टाकायचा नाही. आणि पातेलं पोराबाळांपासून लांब, भाजण्याचे प्रकार होतात.

आक्काला बरं वाटायला किती दिवस लागले? पहिल्या आठवड्यात काहीच नाही. ती मला म्हणाली, "ताई, नळीत बुडबुडे काढून काय होतंय?" तिसऱ्या आठवड्यात सकाळचा आवाज मोकळा यायला लागला. दोन महिन्यांनी परत नळी घालून पाहिलं तर उंचवटे बरेच बसले होते, पूर्ण गेले नव्हते. आवाज आधीसारखा खणखणीत नाही, थोडा जाड राहिलाय. जास्त ओरडलं की संध्याकाळी लगेच सांगतो. पण बोलता येतं. विक्री पुन्हा दोनशेवर आली. गटानं दोन थकलेल्या हप्त्यांना मुदत दिली, त्यातला एक तिनं मागच्या महिन्यात फेडला.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐका. आक्काचं जे निघालं तेच तुमचं निघेल असं नाही. सर्दीनं बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी आवाज बसलेलाच आहे, तर गोळ्या बदलत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला नळीनं बघायला सांगा. तंबाखू, बिडी, मिसरीची सवय असेल तर तेवढीही वाट बघू नका. श्वास घेताना आवाज येतोय, गिळायला त्रास होतोय, मानेला गाठ लागतेय, थुंकीत रक्त आहे, यातलं एक जरी असलं तरी लगेच जा. श्वास कोंडत असेल तर 108 ला फोन करा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची टीबीची तपासणी करून घ्या, टीबीही स्वरयंत्रात बसू शकतो. आणि ओरडता ओरडता एकदम आवाज गेला तर पूर्ण गप्प बसायचं, व्यायामही करायचा नाही, आधी डॉक्टर. अशा वेळी आत रक्त साकळलेलं असू शकतं.

हे नुसतं भाजीवालीपुरतं नाही. अंगणवाडीत दिवसभर पोरांना हाका मारणाऱ्या, शेतात या बांधावरून त्या बांधावर ओरडणाऱ्या, भजनात वरची पट्टी लावणाऱ्या, सगळ्यांच्या फळ्या त्याच.

माझी चूक मी इथं कबूल करते. दोन मीटिंगा आक्का गप्प बसली आणि आपण तिला कर्जबुडवी समजलो. यापुढं कुणी बाई अचानक गप्प झाली तर हप्त्याच्या आधी तिचा घसा विचारा.

आक्का आज इथं आलीय, मागच्या रांगेत बसलीय. ये गं आक्का पुढं. घंटी आणलीस ना? हाक मारून दाखव एकदा. हळू मार, सगळ्यांना ऐकू येतंय.